मॉडेलचा पेपर कुठे फुटतो?

विजेच्या तासागणिक मागणीचा अंदाज बांधणारं मॉडेल चाचणीत थक्क करणारे आकडे देतं आणि प्रत्यक्ष वापरात आणल्यावर पहिल्याच आठवड्यात आपटतं. अशा वेळी नेटवर्कचे थर वाढव, युनिट्स बदल, अशी खटपट सुरू होते. बहुतेकदा दोष तिथे नसतोच. चाचणीचा पेपर आधीच फुटलेला असतो. जी माहिती अंदाजाच्या क्षणी कुणाकडेच असू शकत नाही, ती तयारीच्या टप्प्यावर कुठून तरी मॉडेलच्या हाती लागलेली असते. यालाच लुक-अहेड लीकेज म्हणतात.

अशा अंदाजांसाठी वापरली जाणारी न्यूरल नेटवर्कची एलएसटीएम ही रचना सेप होखरायटर आणि युर्गेन श्मिडहुबर यांनी 1997 मध्ये मांडली. ती आकड्यांची मालिका एकेक पायरीने वाचत जाते आणि सोबत एक आंतरिक स्मृती बाळगते. त्या स्मृतीत काय घ्यायचं, काय पुसायचं आणि काय बाहेर दाखवायचं हे तिची गेट्स ठरवतात. (गंमत म्हणजे आज ज्याच्याशिवाय एलएसटीएमची कल्पना करवत नाही, ते पुसून टाकणारं गेट मूळ रचनेत नव्हतं, ते काही वर्षांनी जोडलं गेलं.) तिला शिकवायचं तर लांबलचक मालिकेचे तुकडे पाडावे लागतात, आणि इथे सरकती खिडकी येते.

समजा दोन वर्षांची दर तासाची मागणी आपल्याकडे आहे, म्हणजे 17520 आकडे. मागचे 168 तास, म्हणजे एक आठवडा, दाखवायचा आणि पुढचे 24 तास विचारायचे. खिडकी एकेक तास पुढे सरकवली की 17329 नमुने तयार होतात. प्रत्येक नमुन्यात 168 आकड्यांचा प्रश्न आणि 24 आकड्यांचं उत्तर.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. हे सगळे नमुने पत्त्यांसारखे पिसायचे, 80 टक्के प्रशिक्षणाला द्यायचे आणि 20 टक्के चाचणीला ठेवायचे. `train_test_split` मध्ये काही न सांगता पिसणं चालूच असतं, त्यामुळे हे नकळत घडतं. पण शेजारच्या दोन खिडक्यांच्या प्रश्नांत 167 आकडे सामाईक असतात आणि उत्तरांतले 23. चाचणीतल्या एखाद्या खिडकीचे दोन्ही शेजारी चाचणीतच जाण्याची शक्यता 0.2 × 0.2, म्हणजे फक्त 4 टक्के. उरलेल्या 96 टक्के वेळा किमान एका सख्ख्या शेजाऱ्याचं उत्तर मॉडेलने शिकताना पाहिलेलं असतं. मग चाचणीत मोजली जाते ती पाठांतराची क्षमता.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळायचा. आधी काळाची सीमा आखायची, नंतर खिडक्या पाडायच्या. आपल्या उदाहरणात पहिले 12264 तास प्रशिक्षणाला, पुढचे 2628 पडताळणीला आणि शेवटचे 2628 चाचणीला.

```python
def windows(x, start, end, w=168, h=24):
    X, Y = [], []
    for t in range(start + w, end - h + 1):
        X.append(x[t-w:t])
        Y.append(x[t:t+h])
    return np.array(X), np.array(Y)

X_tr, Y_tr = windows(x, 0, 12264)
X_va, Y_va = windows(x, 12264 - 168, 14892)
```

फंक्शनच्या दुसऱ्या कॉलमध्ये 168 वजा केलेले पाहून काहींना शंका येते. पडताळणीच्या पहिल्या खिडकीचा प्रश्न प्रशिक्षणाच्या काळातून येतोय, मग ही गळती नाही का? नाही. त्या क्षणी तो आठवडा खरोखरच होऊन गेलेला असतो. प्रशिक्षणाच्या उत्तरांनी मात्र सीमा ओलांडता कामा नये, आणि `end - h + 1` तेवढंच सांभाळतं. सीमा आखून झाल्यावर प्रशिक्षणातल्या खिडक्या खुशाल पिसाव्यात. त्याने काही बिघडत नाही.

दुसरी गळती याहून बेमालूम असते, कारण ती खिडक्या पाडण्याच्याही आधी होते. मीटरमधून एखाद्या तासाचा आकडा आलाच नाही, तर तो भरून काढायची पद्धत आहे. समजा 3 वाजता मागणी 420, 4 वाजताची नोंद गायब आणि 5 वाजता 480. `interpolate()` मधला आकडा 450 भरतो. तक्त्यात तो अगदी शोभून दिसतो. पण ज्या खिडकीचा प्रश्न 4 वाजता संपतो, तिला 5 वाजताची मागणी विचारली जाणार आहे. आणि 2 × 450 − 420 बरोबर 480! उत्तर प्रश्नातच दडलेलं आहे. असे तुरळक तास असतील तर फारसं नुकसान नाही, पण नोंदी वारंवार गळत असतील तर नेटवर्क हा हिशेब शिकू शकतं. `bfill()` तर पुढचा आकडा जसाच्या तसा मागे आणून ठेवतं. आलेख गुळगुळीत करण्यासाठी `rolling(3, center=True)` ने सरासरी काढली, तरी तेच: प्रत्येक आकड्यात पुढच्या तासाचा एक तृतीयांश वाटा मिसळतो. मागचाच आकडा पुढे ओढणारं `ffill()` ओबडधोबड आहे, पण प्रामाणिक आहे.

स्केलिंगबद्दल मात्र थोडी जास्तच भीती घातली जाते, असं माझं मत आहे. सरासरी किंवा किमान-कमाल मूल्यं फक्त प्रशिक्षणाच्या भागावरून काढावीत, हा नियम बरोबरच आहे. पण मागणी स्थिर असेल तर तो मोडल्याने निकाल सहसा फारसा हलत नाही. मागणी दरवर्षी चढत असेल, तर संपूर्ण मालिकेच्या कमाल मूल्याने भागल्यावर पुढे किती वाढ होणार आहे, याचा इशारा प्रशिक्षणातच मिळतो.

गळती आहे की नाही, हे तपासायची एक चाचणी मला सर्वांत खात्रीची वाटते. सगळी तयारी एका फंक्शनमध्ये ठेवायची आणि ते दोनदा चालवायचं: एकदा `T` या क्षणापर्यंतच्याच आकड्यांवर, एकदा पूर्ण मालिकेवर.

```python
a = prepare(df.iloc[:T])
b = prepare(df)
assert a.equals(b.iloc[:T])
```

भविष्य माहीत असण्याने भूतकाळातला एकही आकडा बदलता कामा नये. बदलला, तर गळती सापडली. `T` प्रशिक्षणाच्या सीमेपुढचा घ्यावा, आणि एकच घेऊन भागत नाही. वरच्या उदाहरणातली चूक पकडायची तर तुकडा नेमका 4 वाजताच्या नोंदीपाशी तोडावा लागतो.

निकालाकडे बघूनही बरंच कळतं. पहिल्या तासाची आणि चोविसाव्या तासाची सरासरी चूक वेगवेगळी काढावी. दूरचं सांगणं अवघड, त्यामुळे चूक तासागणिक वाढत जायला हवी. ती सपाट असेल तर खिडक्या पिसल्या गेल्याचा संशय घ्यावा. पहिल्या तासाला जवळजवळ शून्य आणि दुसऱ्याला एकदम उडी, असं असेल तर सरासरीत किंवा भरलेल्या नोंदींत पुढचा तास मिसळलाय का ते बघावं. शिवाय गेल्या आठवड्यातल्या त्याच तासाचा आकडा जसाच्या तसा अंदाज म्हणून वापरून बघावा. विजेच्या मागणीत हा फुकटचा अंदाज बराच तगडा असतो, म्हणून त्याला कुणी प्रचंड फरकाने हरवलं तर आधी तयारीचा कोड उघडावा.

एक गळती मात्र `assert` ने सापडत नाही. मागणी तापमानावर अवलंबून असते म्हणून उद्याचं तापमानही मॉडेलला दिलं जातं, आणि जुन्या नोंदींत असतं ते प्रत्यक्ष मोजलेलं तापमान. वापराच्या वेळी हाती असतो तो फक्त हवामानाचा अंदाज, त्याच्या सगळ्या चुकांसह. तेव्हा चाचणीसाठी त्या-त्या दिवशी जाहीर झालेले जुने अंदाज मिळवावे लागतात. ते नसतील, तर तापमानाचा रकाना खिडकीचा प्रश्न जिथे संपतो तिथेच तोडायचा.