ऐंशी विद्यार्थी, दोन बॅचेस आणि वगळलेले वर्गमूळ

नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावीला गणित शिकवतो. वर्गात ८० विद्यार्थी आहेत. हजेरीपटावरची ८० नावे किती वेगवेगळ्या क्रमांनी लिहिता येतील, असे एकदा विचारले, तेव्हा उत्तर लगेच आले: ८० चे क्रमगुणित, म्हणजे १ पासून ८० पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार. प्रत्यक्ष आकडा मात्र कोणालाच सांगता येईना. "सर, कॅल्क्युलेटर एरर दाखवून राहिलाय," असे मागच्या बाकावरून कळले. त्यात कॅल्क्युलेटरचा दोष नव्हता. घातांकासाठी दोनच अंकांची जागा असलेले यंत्र ६९ च्या क्रमगुणितापर्यंत पोहोचते, कारण ७० चे क्रमगुणित १०^१०० ओलांडते.

अशा वेळी लॉगरिदम कामी येते, कारण ते गुणाकाराची बेरीज करून टाकते: ln n! म्हणजे ln 1 पासून ln n पर्यंतची बेरीज. ही बेरीज ln x च्या वक्राखालील क्षेत्रफळाच्या जवळपास असते, आणि १ पासून n पर्यंतचे ते क्षेत्रफळ n ln n − n + 1 इतके भरते. वक्रावरच्या लागोपाठच्या बिंदूंना सरळ रेषांनी जोडून समलंब चौकोन केले, तर त्यांचे एकूण क्षेत्रफळ ln n! पेक्षा ½ ln n ने कमी येते. उरतात त्या रेषा आणि वक्र यांच्यामधल्या बारीक फटी. n कितीही वाढवला तरी या सगळ्या फटींची बेरीज सुमारे ०.०८११ च्या पुढे जात नाही, आणि ही मर्यादा १ वजा ½ ln 2π इतकी आहे. सगळे एकत्र केले की सूत्र मिळते:

ln n! ≈ n ln n − n + ½ ln(2πn)

सूत्राचा साचा अब्राहम द मुआव्र यांना सापडला होता. त्यातील स्थिरांकात π दडलेला आहे, हे जेम्स स्टर्लिंग यांनी दाखवले. दोघांची संबंधित पुस्तके १७३० चीच, तरी नाव मात्र स्टर्लिंग यांचे लागले.

आता आपला वर्ग घेऊ. ln 80 = ४.३८२०२७. त्याची ८० पट ३५०.५६२, त्यातून ८० गेले की २७०.५६२, आणि शेवटचे पद ३.११० मिळवले की २७३.६७२. याला ln 10 ने, म्हणजे २.३०२५८५ ने भागले की ११८.८५४३ मिळतात. पूर्णांक भाग घातांक सांगतो आणि अपूर्णांक भाग आघाडीचे अंक: सुमारे ७.१४९ × १०^११८. खरी किंमत ७.१५७ × १०^११८ आहे, म्हणजे चूक फक्त ०.१ टक्का. येथे एक सावधगिरी हवी. ln 80 साठी कोणी नुसते ४.३८ घेतले, तर ती छोटीशी काटछाट ८० पट होते आणि उत्तर तब्बल १५ टक्क्यांनी घसरते.

शेवटचे पद, म्हणजे √(2πn) या वर्गमुळाचे लॉगरिदम, लहान दिसते म्हणून पुष्कळ जण ते सोडून देतात. त्याने काय बिघडते, हे पुढच्या प्रश्नात दिसते. प्रात्यक्षिकासाठी वर्गाच्या ४०-४० च्या दोन बॅचेस करायच्या आहेत. पहिल्या बॅचमध्ये कोण, हे किती प्रकारे ठरवता येईल? उत्तर 80!/(40! × 40!). n ln n − n एवढेच वापरले, तर बहुतेक सगळे कटून 80 ln 2 उरते, म्हणजे उत्तर 2 चा ८० वा घात, सुमारे १.२१ × १०^२४. इथे जरा थांबून पाहावे. प्रत्येकाला पहिल्या किंवा दुसऱ्या बॅचमध्ये, संख्येचे कोणतेही बंधन न ठेवता, टाकण्याचे एकूण प्रकारही नेमके तेवढेच आहेत. मग ७९-१ आणि ४१-३९ अशा वाटण्यांसाठी एकही प्रकार उरला नाही! उत्तर चुकले हे ओळखायला खरी किंमत माहीत असण्याचीही गरज पडली नाही. मोठी पदे एकमेकांना खाऊन टाकतात, तेव्हा किरकोळ वाटणारे वर्गमूळच निकाल ठरवते. ते ठेवले की २^८० ला √(40π) ने, म्हणजे ११.२१ ने भागावे लागते आणि १.०७८ × १०^२३ मिळतात. खरी किंमत १.०७५ × १०^२३.

राहिलेली ०.३ टक्क्याची तफावतही हिशेबाबाहेरची नाही. सूत्राचे पुढचे पद 1/(12n) आहे. ते ८० साठी एकदा मिळवले आणि ४० साठी दोनदा वजा केले, की उत्तर १.०७५१ × १०^२३ वर येते आणि खऱ्या किमतीशी चार अंकांपर्यंत जुळते.

भौतिकशास्त्रातले सहकारी मात्र वर्गमूळ बिनदिक्कत टाकतात, आणि ते बरोबरच करतात. वायूच्या एका मोलमध्ये ६ × १०^२३ रेणू असतात. तिथे n ln n सुमारे ३.३ × १०^२५ असते, तर टाकलेले पद जेमतेम २८. एन्ट्रॉपीसाठी त्यांना लॉगरिदमच हवे असते, मांडण्यांची मूळ संख्या नको असते, त्यामुळे हे २८ कुणाला जाणवतही नाहीत. माझ्या वर्गाला मात्र संख्याच हवी होती.