स्क्रीनशॉटवरची तारीख लिहिली कुणी?

तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराचं उदाहरण धरू. त्याचं म्हणणं असं: व्यापाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर चार किलोला २२० रुपये दर कबूल केला, माल उचलला आणि मग तो मेसेज डिलीट केला. मात्र त्याआधीच, बुधवारी १२ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी पावणेसातला, आपण स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. व्यापारी म्हणतो, हे चित्र मागाहून तयार केलंय. सांगलीतल्या वकिलाच्या कॉम्प्युटरवर आलेल्या फाइलचं नाव आहे `IMG-20250315-WA0007.jpg`. प्रॉपर्टीज उघडल्यावर दिसतं की फाइल १८ मार्चला तयार झाली आणि १५ मार्चला बदलली गेली. १२ तारखेचा कुठे पत्ताच नाही.

एवढ्यावरून शेतकरी खोटं बोलतोय असं ठरत नाही आणि खरं बोलतोय असंही नाही. प्रत्येक तारखेला एकच प्रश्न विचारायचा: ही कुणी लिहिली आणि कुठल्या घड्याळाकडे बघून?

आधी नाव घेऊ. नावातले `WA` हे व्हॉट्सअ‍ॅपचे. हे नाव व्हॉट्सअ‍ॅपने चित्र पाठवताना किंवा उतरवून घेताना दिलंय, म्हणजे १५ मार्च ही प्रवासाची तारीख आहे, स्क्रीनशॉटची नव्हे. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा दाबून लहान करतं, नवी जेपीजी फाइल बनवतं आणि मूळ चित्रातल्या नोंदी गाळून टाकतं. त्यामुळे वकिलाकडच्या फाइलमध्ये मेटाडेटा सापडला नाही, यात संशयास्पद काही नाही. तिथे तो उरतच नाही.

कॉम्प्युटरवरच्या दोन तारखांचंही तसंच. विंडोजमध्ये फाइल एका जागेहून दुसरीकडे कॉपी केली की 'तयार झाल्याची' तारीख कॉपी केल्याच्या क्षणाची पडते, तर 'बदलल्याची' तारीख सहसा जुनीच राहते. म्हणून फाइल तयार होण्याआधीच बदलली गेली, असं विचित्र चित्र दिसतं. कित्येक जण ते बघून 'छेडछाड झाली' म्हणतात. प्रत्यक्षात ती साध्या कॉपीची खूण आहे.

म्हणून मूळ फोनमधली मूळ फाइलच मागायला हवी. तिचं नाव `Screenshot_20250312-184507.png` अशा धाटणीचं असेल. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्यापुढे कुठल्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट काढला तेही जोडलेलं असतं. ती फाइल फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली किंवा केबल लावून उतरवली, तर आतला मजकूर बाइटसकट जसाच्या तसा येतो. मग `exiftool` या मोफत साधनाने आतल्या सगळ्या वेळा एकदम बघता येतात:

```
exiftool -time:all -a -G1 -s Screenshot_20250312-184507.png
```

ज्या ओळीपुढे `[System]` असेल ती वेळ फाइलच्या आतली नसून तुमच्याच डिस्कने दिलेली असते. तिला या वादात महत्त्व नाही. `[ExifIFD]` गटातला `DateTimeOriginal` मात्र फोनने स्क्रीनशॉट घेताना लिहिलेला असतो. सगळे फोन तो लिहीत नाहीत. आयफोन लिहितो, शिवाय `UserComment` मध्ये `Screenshot` असा शब्दही ठेवतो. अँड्रॉइडमध्ये ते फोनवर आणि आवृत्तीवर अवलंबून असतं. इथे वेळेच्या पट्ट्याचा घोळ हमखास होतो. एका नोंदीत १८:४५ आणि दुसरीत १३:१५ दिसलं तर दचकू नका, मधले साडेपाच तास म्हणजे भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांतलं अंतर आहे.

आता समजा सगळं जुळलं: नाव, आतली नोंद आणि चित्रात वरच्या पट्टीतलं ६:४५ हे घड्याळही. तरी एवढंच सिद्ध झालं की त्या क्षणी *फोनच्या घड्याळात* ती वेळ होती. सेटिंगमध्ये आपोआप वेळ घेणं बंद करून तारीख मागे नेली आणि मग स्क्रीनशॉट काढला, तर या तिन्ही जागा एकसुरात तीच खोटी तारीख सांगतील, कारण तिघींचं घड्याळ एकच. शिवाय आतली नोंद नंतर `exiftool` नेच एका ओळीत बदलता येते आणि नाव तर कुणीही बदलू शकतो. तीन साक्षीदार एकाच माणसाचं ऐकून बोलत असतील, तर ती साक्ष एकच धरायची.

खोटेपणा पकडायला त्या घड्याळावर न चालणारं काहीतरी लागतं. आयफोनमध्ये फोटो आणि स्क्रीनशॉट यांचे क्रमांक एकाच ओळीत वाढतात. `IMG_4312` वर १२ मार्च असेल आणि `IMG_4290` हा फोटो १४ मार्चचा असेल, तर कुठेतरी घड्याळ फिरलेलं आहे किंवा फाइल बाहेरून आली आहे. काही अँड्रॉइड फोन `Software` या नोंदीत प्रणालीचा बिल्ड क्रमांकही लिहितात. फोनला १४ मार्चला अपडेट मिळाला असेल आणि '१२ मार्चच्या' स्क्रीनशॉटमध्ये त्या नव्या बिल्डचा क्रमांक असेल, तर ती तारीख खरी असू शकत नाही. मला ही खूण सगळ्यांत मोलाची वाटते, कारण तारीख मागे नेणाऱ्याच्या ती सहसा ध्यानातच नसते. उलट दिशेने मात्र ती तितकी चालत नाही: बिल्ड जुना आहे, एवढ्यावरून स्क्रीनशॉट १२ तारखेचाच ठरत नाही.

खऱ्या बाजूला बळ देणारा पुरावा फोनच्या बाहेरून येतो. त्या शेतकऱ्याने पाच मिनिटांत ती मूळ फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी जीमेलवर जोडून पाठवली असती, तर वेळ सर्व्हरने लिहिली असती. कॉम्प्युटरवर ती मेल उघडून मेनूतून मूळ संदेश दाखवायला सांगितला की वरच्या बाजूला `Received` ओळी दिसतात. तिथली वेळ बहुधा अशी असते:

```
Wed, 12 Mar 2025 06:20:11 -0700 (PDT)
```

ही सकाळची वेळ नाही. `-0700` म्हणजे जागतिक वेळेच्या सात तास मागे, म्हणून जागतिक वेळ १३:२०:११ आणि आपल्याकडे संध्याकाळचे ६:५०:११. त्याच मेलमधली `Date` ही ओळ पाठवणाऱ्याचं साधन लिहितं, तिच्यावर भिस्त ठेवू नये. `Received` मधली सर्वांत वरची ओळ मेल घेणाऱ्या सर्व्हरची असते.

या मेलने सिद्ध काय होतं? ती फाइल १२ मार्चला ६:५० च्या *आत* अस्तित्वात होती, इतकंच. ती ६:४५ ला काढली की दोन दिवस आधी, हे मेल सांगत नाही. खालची मर्यादा चित्रातूनच शोधावी लागते: त्यात दिसणारा सर्वांत ताजा मेसेज कधीचा आहे? तोच मेसेज समोरच्याच्या फोनमध्येही असेल आणि तिथे त्याची वेळ ६:४१ असेल, तर स्क्रीनशॉट ६:४१ ते ६:५० या नऊ मिनिटांत काढला गेला, असं ठामपणे म्हणता येतं. चित्रात बदल झालेला नाही, हे मात्र वेगळं तपासावं लागेल. वादातला मेसेज पुसला गेला असला तरी त्याच्या मागचापुढचा साधा 'बरं' किंवा 'येतो' बहुधा शिल्लक असतो, आणि तोच इथे कामाला येतो.

हॅशबद्दलही गैरसमज आहे. विंडोजमध्ये

```
certutil -hashfile Screenshot_20250312-184507.png SHA256
```

असं दिल्यावर ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात असा हॅश लिहावा लागतो. पण १८ मार्चला काढलेला हॅश १८ मार्चनंतर फाइल बदलली नाही एवढंच सांगतो. १२ तारखेबद्दल तो काही बोलत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेल्या प्रतीचा हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही, चित्र डोळ्यांना हुबेहूब दिसलं तरी. म्हणून हॅश काढायचा तो फोनमधल्या मूळ फाइलचा, आणि तो फोन रिसेट करायचा नाही की विकायचा नाही.