टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगतो, कधी वाजवायचं ते नाही

गिटार स्वतःहून शिकणाऱ्याला पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसली तरी टॅब, म्हणजे तारा आणि आकडे दाखवणारी गिटारची लेखनपद्धत, दहा मिनिटांत वाचता येतो. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा. सगळ्यांत वरची रेघ ही सगळ्यांत बारीक, म्हणजे पहिली तार, खालची ही सगळ्यांत जाड, म्हणजे सहावी. रेघेवरचा आकडा म्हणजे त्या तारेवर कितव्या फ्रेटपाशी, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या कितव्या आडव्या पट्टीपाशी दाबायचं, आणि शून्य म्हणजे तार मोकळी सोडून छेडायची. डावीकडून उजवीकडे वाचत जायचं आणि आकडे एकाखाली एक आले तर त्या तारा एकदम छेडायच्या. एवढ्यावर काम सुरू होतं.

एका बाबतीत तर टॅब स्वरलिपीच्याही पुढे आहे. गिटारवर एकच स्वर अनेक ठिकाणी सापडतो. पहिली तार मोकळी छेडली की जो स्वर येतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर मिळतो, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. कंपनसंख्या तीच, सेकंदाला साधारण 330, पण तार जाड होत जाते तसा आवाजाचा पोत बदलतो आणि हाताची जागाही बदलते. स्वरलिपी नुसता स्वर लिहून मोकळी होते, यांतली जागा कोणती ते वादकाने ठरवायचं. टॅब जागाच सांगतो.

हे इतकं अचूक जमतं त्याचं कारण गिटारच्या बांधणीत आहे. फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांमुळे तारेची लांबी ठरावीक टप्प्यांनीच कमी होते. दर फ्रेटला कंपनसंख्या सुमारे सहा टक्क्यांनी वाढते आणि बाराव्या फ्रेटला ती बरोबर दुप्पट होते. बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये थोडं पुढेमागे पडलं तरी स्वर जवळपास तोच राहतो. त्यामुळे ‘दुसरा फ्रेट’ एवढं लिहिलं की स्वर पक्का झाला. काळाला मात्र गिटारवर अशा पट्ट्या नाहीत. स्वर कधी सुरू करायचा आणि किती वेळ टिकवायचा, हे वाद्य ठरवत नाही आणि साधा टॅबही ठरवत नाही.

किती फरक पडतो ते सात स्वरांवर पाहू.

```
e|---------------|
B|---------------|
G|-----0-2-0-----|
D|-0-2-------2-0-|
A|---------------|
E|---------------|
```

चौथी तार मोकळी, मग तिचा दुसरा फ्रेट. तिसरी तार मोकळी, तिचा दुसरा फ्रेट, पुन्हा मोकळी. मग चौथीचा दुसरा फ्रेट आणि शेवटी ती मोकळी. स्वर झाले डी, ई, जी, ए, जी, ई, डी. आकडे सारख्या अंतरावर आहेत, म्हणून नवशिका हे सगळे स्वर सारख्या अंतराने वाजवतो. ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार’ असं मोजलं तर ठोक्यांवर डी, जी, जी, डी येतात आणि ई व ए ‘आणि’वर जातात. ऐकायला हा बोटांचा सराव वाटतो. स्वर वर गेले, खाली आले, संपलं.

आता हेच सात स्वर, त्याच फ्रेटवर, पण असे (लागतात त्या दोनच तारा दाखवल्या आहेत):

```
G|-----|-0-----2-0-----|
D|-0-2-|-----------2-0-|
   4 &   1 & 2 & 3 & 4
```

खालच्या ओळीत ठोके मोजले आहेत, `&` म्हणजे ‘आणि’. पहिले दोन स्वर आता मुख्य चालीच्या आधी, मागच्या मोजणीतल्या चौथ्या ठोक्यावर घाईने येतात. जोर पडतो तो ‘एक’वर येणाऱ्या जीवर, आणि हा जी दीड ठोका टिकतो. मिनिटाला 60 ठोक्यांच्या गतीत म्हणजे दीड सेकंद. ए दोनच्या ठोक्यावर न येता त्यानंतरच्या ‘आणि’वर येतो आणि मग उरलेले तीन स्वर उतरतात. गिटार हातात असेल तर दोन्ही वाजवून बघा. दुसऱ्यात गाण्याची एक ओळ ऐकू येते, पहिल्यात येत नाही. फ्रेटचा एकही आकडा बदललेला नाही.

मधल्या डॅशांना काळाचं माप समजण्याची चूक इथूनच होते. डॅश ही मुळात तार दाखवणारी रेघ आहे, टाइप केलेली. दहावा किंवा बारावा फ्रेट आला की आकडा दोन अक्षरांची जागा खातो, स्वर सरकवण्याची किंवा बोट आपटण्याची खूण आणखी एक जागा घेते, आणि अंतर वाढतं. काळ वाढलेला नसतो. काही लिहिणारे मात्र अंतर खरोखर मोजून ठेवतात. ते ओळखायचं तर दोन उभ्या रेघांमधली अक्षरं मोजावीत. प्रत्येक खणात ती सारखीच, म्हणजे सगळीकडे 16 किंवा सगळीकडे 8 अशी निघाली, तर अंतराला अर्थ असण्याची बरीच शक्यता आहे. एका खणात 13 आणि दुसऱ्यात 19 असतील तर त्या अंतरावरून लय काढायला जाऊ नये.

ही उणीव टॅबच्या जन्मापासूनची नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1507 साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने स्पिनाचिनो या वादकाचं ल्यूट या जुन्या तंतुवाद्यावरचं संगीत टॅबमध्ये छापलं, तेव्हा रेघांच्या वर काळ दाखवणाऱ्या शेपटीवाल्या खुणा होत्या. आजच्या छापील टॅबमध्येही आकड्यांना अशा दांड्या अनेकदा असतात. कीबोर्डवर साध्या अक्षरांत टॅब लिहिताना या खुणांना सोयीची जागा उरत नाही, आणि बहुतेकदा त्याच गळून पडतात.

ओळखीचं गाणं असेल तर ही उणीव लक्षातही येत नाही, कारण लय आपण आठवणीतून भरतो. अनोळखी टॅब समोर आला की ती जागा बोटांची अडचण भरून काढते. तार बदलायची असते किंवा हात वर सरकवायचा असतो तिथे क्षणभर वेळ जातो, आणि चार दिवसांच्या सरावाने तो क्षण चालीचा भाग होऊन बसतो. वाजवणाऱ्याला तो ऐकू येत नाही, कारण त्याचं लक्ष पुढच्या आकड्याकडे असतं. मेट्रोनोम लावून वाजवावं, फोनवर रेकॉर्ड करावं आणि गिटार बाजूला ठेवून ऐकावं. दर वेळी तार बदलतानाच स्वर ठोक्याच्या मागे पडत असेल, तर ती लय गाण्याची नाही, हाताची आहे.

यावर खरा उपाय म्हणजे टॅबखाली मोजणीची ओळ स्वतः लिहिणं, आणि तेही गिटार न घेता. मूळ ध्वनिमुद्रण लावून पायाने ठोका धरायचा, चाल तोंडाने म्हणायची आणि कुठला स्वर पाय खाली पडताना येतो, कुठला पाय वर असताना, एवढंच आधी ठरवायचं. मग आकड्यांखाली `1 & 2 &` लिहायचं. पिकची दिशाही यातूनच मिळते: ठोक्यावर खाली, ‘आणि’वर वर, हा बहुतेक सोप्या चालींना चालणारा नेम आहे.

ही ओळसुद्धा काही गोष्टी पकडू शकत नाही. स्वर कुठे सुरू झाला ते ती सांगते, कुठे थांबवायचा ते नाही. दीड ठोक्याचा जी पूर्ण वाजू द्यायचा की मध्येच बोटाने दाबून बंद करायचा, हे कानानेच ठरतं. तसंच ब्लूज आणि जॅझमध्ये ठोक्याचे दोन भाग बऱ्याचदा सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड, अनेकदा दोनास एक अशा प्रमाणात. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गतीत सारख्या विभागणीत प्रत्येक भाग पाव सेकंदाचा होतो, तर झुलत्या विभागणीत पहिला सुमारे 0.33 आणि दुसरा 0.17 सेकंदाचा. लिहायला दोन्हीकडे `1 & 2 &` च लिहावं लागतं.