डोळा हातावर की खांबावर?

भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ट्रेमधून कास्टिंगचे नग उचलायला रोबोट लावला होता. थ्रीडी कॅमेऱ्याला नग स्वच्छ दिसत होता. पण स्लो स्पीडवर हात सोडला, तर एका कोपऱ्यातल्या नगासाठी तो हातभर डावीकडे जायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या नगासाठी थेट टेबलात घुसायला निघायचा. ऑपरेटर म्हणाला, "सर, कॅमेरा नीट सांगतोय, हातच ऐकत नाहीये."

हात ऐकत होता. घोळ मी घातला होता.

कॅमेरा सांगतो, नग माझ्या लेन्सपासून इतका दूर आहे. रोबोटला मात्र स्वतःच्या बेसपासूनचं अंतर कळतं. या दोन मापांमधला दुवा शोधणं म्हणजे हँड-आय कॅलिब्रेशन. त्याचे दोन प्रकार आहेत, आणि नावं इतकी सारखी की गल्लत ठरलेलीच. कॅमेरा मनगटावर बसवला की आय-इन-हँड. बाजूच्या खांबावर बसवला की आय-टू-हँड.

आय-इन-हँडमध्ये चेसबोर्ड टेबलावर पक्का चिकटवतात आणि हात फिरवून वेगवेगळ्या पोझमधून, म्हणजे हाताची जागा आणि कल बदलून, त्याचे फोटो घेतात. शोधायचं असतं ते कॅमेरा आणि नग पकडणारा ग्रिपर यांच्यातलं नातं, कारण ते दोघं एकत्र फिरतात. आय-टू-हँडमध्ये उलट: बोर्ड ग्रिपरमध्ये धरायचा, हात फिरवायचा, कॅमेरा जागचा हलत नाही. इथे शोधायचं ते कॅमेरा आणि बेस यांच्यातलं नातं.

आमचा कॅमेरा खांबावर होता. प्रोग्रॅम मात्र मी आधीच्या, मनगटावर कॅमेरा असलेल्या कामातून जसाच्या तसा उचलला होता. ओपनसीव्हीचं `calibrateHandEye` हे फंक्शन आय-इन-हँड धरूनच लिहिलेलं आहे. रोबोटची पोझ ते ग्रिपरकडून बेसकडे अशी मागतं. खांबावरच्या कॅमेऱ्यासाठी बेस आणि ग्रिपर यांच्या भूमिका बदलतात, म्हणून प्रत्येक पोझ, म्हणजे तिचं रोटेशन `R_gb` आणि सरकणं `t_gb`, उलटी करून द्यावी लागते:

```python
R_bg = [R.T for R in R_gb]
t_bg = [-R.T @ t for R, t in zip(R_gb, t_gb)]
R_x, t_x = cv2.calibrateHandEye(R_bg, t_bg, R_tc, t_tc)
```

दुसरी ओळ नीट बघा. नुसतं `t` चं चिन्ह बदलून भागत नाही, ते उलट्या रोटेशनमधूनही न्यावं लागतं. हे विसरणारे मी बरेच पाहिलेत. बोर्डाची `R_tc`, `t_tc` मापं दोन्ही प्रकारांत तशीच राहतात.

खरा त्रास असा की चुकीची पोझ दिली तरी फंक्शन कुरकुर करत नाही, काहीतरी उत्तर देतंच. मला आलेल्या उत्तरात कॅमेरा बेसपासून 310 मिमीवर होता. टेप लावली तर जवळजवळ एक मीटर! ही टेपची तपासणी मी आता सगळ्यात आधी करतो.

टेपने ढोबळ चूक कळते, बारीक नाही. त्यासाठी जे हललेलं नाही ते उत्तरातही हलत नाही ना, हे पाहायचं. खांबाच्या कॅमेऱ्यात बोर्ड ग्रिपरमध्ये घट्ट असतो, तेव्हा मिळालेला दुवा वापरून प्रत्येक पोझसाठी ग्रिपरच्या मापात बोर्डाची जागा काढली की ती तीच यायला हवी. (मनगटाच्या कॅमेऱ्यात हीच तपासणी बेसच्या मापात करायची.) आमची जागा पोझगणिक काही सेंटीमीटर उड्या मारत होती. पोझ उलटवल्यावर फरक दीड मिलिमीटरच्या आत आला.

पोझ घेतानाही एक मेख आहे. हात नुसता इकडून तिकडे सरकवला आणि मनगट वळवलंच नाही, तर दुव्यातलं अंतर निघतच नाही. मनगट किमान दोन वेगळ्या अक्षांभोवती वळायला हवं. मी वीस-तीस अंशांनी वेगवेगळ्या दिशांना झुकवून पंधराएक फोटो घेतो. चार अक्षांचा स्कारा रोबोट फक्त उभ्या अक्षाभोवती वळतो, म्हणून त्याच्यावर या पद्धतीने उंचीचं माप मिळत नाही. ते वेगळं टेकवून घ्यावं लागतं.

पुढे रोजच्या वापरातही दोघांचे आजार वेगळे. मनगटावरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक फोटोसोबत त्याच क्षणाची पोझ लागते; हात थांबायच्या आधी फोटो निघाला की नगाची जागा सरकते. खांबावरच्या कॅमेऱ्याला पोझ लागतच नाही, पण त्याला कुणाचा धक्का लागला की संपलं. कॅमेरा नगापासून 800 मिमीवर असेल, तर अर्ध्या अंशाच्या झुकावाने 7 मिमीची चूक होते, आणि अर्धा अंश डोळ्याला दिसत नाही. म्हणून खांबाच्या प्रत्येक बोल्टवरून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या पेंटची एक सलग रेघ मारलीय. सकाळची शिफ्ट सुरू करताना ऑपरेटर ती बघतो, आणि रेघ तुटलेली दिसली की रोबोट चालू न करता मला फोन करतो.