ध्रुवक, वेव्ह प्लेट आणि त्यांचा क्रम: जोन्स मॅट्रिक्सची पार्श्वभूमी

ठाण्यात बी.एस्सी.च्या मुलांना ऑप्टिक्स शिकवताना ध्रुवित प्रकाशाचा हिशेब करणारी जोन्स मॅट्रिक्स बहुतेकदा एका तक्त्यातूनच भेटते. फक्त आडवं कंपन पुढे सोडणाऱ्या ध्रुवकाची ही मॅट्रिक्स, क्वार्टर वेव्ह प्लेटची ती, आता गुणाकार करा. तक्ता पाठ होतो, गुणाकारही जमतो. पण प्रकाश ही आडवी लहर आहे, म्हणजे तिचं कंपन प्रवासाच्या दिशेला काटकोनात असतं, हे फ्रेनेलने 1821 मध्ये मांडलं आणि मॅट्रिक्स आल्या 1941 मध्ये. मधली 120 वर्षं लोक काय करत होते, हे कुणी सांगत नाही. मला तोच भाग सांगण्यासारखा वाटतो, कारण ही पद्धत नेमकी कशासाठी आहे आणि कुठे थांबते ते त्यातूनच कळतं.

एकामागे एक दोन वस्तू ठेवल्या की काहीतरी वेगळं घडतं, हे सर्वांत आधी ह्युजेन्सने नोंदवलं. आइसलँड स्पार या पारदर्शक खनिजातून पाहिलं की एका ठिपक्याचे दोन दिसतात, हे बार्थोलिनने 1669 मध्ये सांगितलं होतं. ह्युजेन्सने 1690 च्या ग्रंथात पुढची गोष्ट लिहिली: पहिल्या स्फटिकातून आलेले दोन किरण दुसऱ्या स्फटिकात नेहमी पुन्हा दुभंगत नाहीत, दुसरा स्फटिक किती फिरवलाय त्यावर ते ठरतं. म्हणजे पहिल्या स्फटिकातून बाहेर पडलेल्या प्रकाशाला एक ‘दिशा’ चिकटलेली असते. ती काय हे ह्युजेन्सला सांगता आलं नाही. 1808 मध्ये मालूसने काचेवरून परावर्तित झालेल्या प्रकाशातही तीच दिशा पाहिली आणि दोन ध्रुवकांमधल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाचा नियम दिला.

फ्रेनेलच्या आडव्या लहरीने हे सगळं एका चित्रात बसवलं. कंपन दोन काटकोनी दिशांत मोडायचं आणि दोघांमध्ये किती कलांतर पडलं ते पाहायचं. कलांतर शून्य किंवा अर्ध्या लहरीचं असेल तर प्रकाश रेषीय ध्रुवित. घटक सारखे आणि कलांतर पाव लहरीचं असेल तर वर्तुळाकार. बाकी सगळं लंबवर्तुळाकार. दोन ध्रुवकांमध्ये या घटकांत कलांतर पाडणारी एक प्लेट, म्हणजे वेव्ह प्लेट, असेल, तर बाहेर किती प्रकाश येईल याचं सूत्र यातून सहज निघतं. पण प्लेट दोन झाल्या आणि त्यांचे अक्ष वेगळ्या कोनांत असले, की प्रत्येक टप्प्यावर घटक पुन्हा मोडा, फिरवा, कलांतर जोडा, असं करत बसावं लागतं. तीन प्लेटला सूत्र पानभर होतं आणि मधला एक कोन बदलला की सगळं पहिल्यापासून.

एकोणिसाव्या शतकात यावर दोन उपाय आले. स्टोक्सने 1852 मध्ये चार राशी दिल्या. त्यांनी अर्धवट ध्रुवित प्रकाशाचंही वर्णन करता येतं आणि त्या थेट तीव्रता मोजून मिळतात. प्वांकारेने 1892 मध्ये ध्रुवणाची प्रत्येक अवस्था एका गोलावरचा बिंदू म्हणून दाखवली. वर्तुळाकार अवस्था गोलाच्या दोन ध्रुवांवर. विषुववृत्तावर रेषीय अवस्था आणि वेव्ह प्लेट म्हणजे त्या गोलाचं एक फिरणं. ही कल्पना मला आजही फार देखणी वाटते. पण गोलावर चित्र काढून उत्तराचा अंदाज येतो, पाच प्लेटचं आकडेवारीतलं उत्तर काढणं कष्टाचंच राहतं.

तशी गरजही फारशी नव्हती. ध्रुवक म्हणजे आइसलँड स्पार कापून जोडलेलं निकोल प्रिझम, महाग आणि लहान. अशा वस्तूंची रांग कोण लावणार? ही परिस्थिती बदलली एडविन लँडच्या पातळ पत्र्यांनी. 1920 च्या दशकाच्या शेवटी त्याने सूक्ष्म स्फटिकांचा ध्रुवक पत्रा केला आणि 1938 मध्ये ताणलेल्या प्लॅस्टिकमध्ये आयोडीन भरून केलेला पत्रा आला. आज प्रयोगशाळेतल्या पोलरॉइडमध्ये तोच प्रकार असतो. आता ध्रुवक कात्रीने कापता येऊ लागला आणि थरावर थर चिकटवता येऊ लागले. थरांचा हिशेब करणारं गणित हवं होतं.

ते रॉबर्ट क्लार्क जोन्सने दिलं. 1941 मध्ये अमेरिकेतल्या ऑप्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याच्या लेखमालेचे पहिले तीन भाग आले, आठवा भाग 1956 मध्ये. पुढे तो लँडच्याच पोलरॉइड कंपनीत काम करत होता. त्याची कल्पना साधी आहे. प्रकाशाची अवस्था म्हणजे दोन संमिश्र संख्यांचा स्तंभ, वस्तू म्हणजे 2×2 ची मॅट्रिक्स, आणि रांग म्हणजे गुणाकार. क्वांटम मेकॅनिक्समुळे 1941 पर्यंत भौतिकीवाल्यांच्या हाताला मॅट्रिक्स सरावाच्या झाल्या होत्या. पन्नास वर्षं आधी हे सुचलं असतं तरी ते पटकन कुणी उचललं असतं असं मला वाटत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. थिएटरात मिळणारा, बॅटरी नसलेला थ्रीडी चष्मा घ्या. त्यातल्या वर्तुळाकार ध्रुवणाच्या प्रकारात प्रत्येक काच म्हणजे दोन थर असतात: बाहेर पडद्याकडे पाव लहरीचं कलांतर पाडणारी क्वार्टर वेव्ह प्लेट, आत डोळ्याकडे रेषीय ध्रुवक, आणि दोघांच्या अक्षांमध्ये 45 अंश. ध्रुवक P आडवा धरला, प्लेट Q धरली, तर:

```
P = [1 0]      Q = (1/√2) [1 i]
    [0 0]                 [i 1]
```

प्रकाश आधी ज्या वस्तूतून जातो ती मॅट्रिक्स उजवीकडे लिहायची. मुलं सर्वांत जास्त इथेच अडखळतात, कारण वाचताना आपण डावीकडून जातो. पडद्याकडून येणारा प्रकाश आधी Q मधून, मग P मधून जातो, म्हणून PQ. उलट दिशेने आधी P, मग Q, म्हणून QP:

```
PQ = (1/√2) [1 i]      QP = (1/√2) [1 0]
            [0 0]                  [i 0]
```

दोन्ही गुणाकार वेगळे आहेत आणि फरक डोळ्यांनी वाचता येतो. PQ मध्ये खालची ओळ शून्य आहे, म्हणजे आत काहीही येऊ दे, बाहेर आडवा रेषीय प्रकाशच. QP मध्ये दुसरा स्तंभ शून्य आहे आणि पहिला (1, i), म्हणजे बाहेर नेहमी वर्तुळाकार. आता PQ ला (1, i) द्या: वरच्या ओळीत 1 + i·i, म्हणजे शून्य. (1, −i) द्या: 1 + 1, पूर्ण प्रकाश. एकाच तीव्रतेचे, फक्त फिरण्याची दिशा वेगळी असलेले दोन प्रकाश. एक आत येतो, एक थांबतो. डाव्या-उजव्या डोळ्यांची चित्रं अशीच वेगळी राहतात.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या क्लासमध्ये याची पडताळणी आरशासमोर होते. चष्मा घालायचा, एक डोळा मिटायचा, उघड्या डोळ्याने आरशात पाहायचं. उघड्या डोळ्यावरची काच काळी दिसते आणि मिटलेला डोळा स्पष्ट दिसतो! मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत, चष्मे बदलून पाहतात. हिशेब असा: उघड्या डोळ्याकडून निघालेला प्रकाश P, मग Q मधून बाहेर जातो, आरशावरून परततो, पुन्हा Q, पुन्हा P. आरसा समोर असल्याने आपल्या स्थिर अक्षांत त्याचं काम फक्त एका चिन्हापुरतं असतं, ते सोडून देता येतं.

```
Q·Q = i [0 1]      P·Q·Q·P = 0
        [1 0]
```

दोनदा ओलांडलेली पाव लहर अर्धी झाली, आडवं कंपन उभं झालं आणि P ने ते अडवलं. दुसऱ्या काचेची प्लेट उलट चिन्हाची, Q मधले i सगळे −i केलेली. तिचा Q शी गुणाकार 1 येतो, म्हणून मिटलेला डोळा दिसतो. एका पुस्तकात i असतो, दुसऱ्यात −i, कारण लहरीचं चिन्ह लिहिण्याचे दोन रिवाज आहेत. त्यामुळे डावं-उजवं अदलाबदल होतं, पण आरशाचा हा निकाल दोन्ही रिवाजांत तोच राहतो. उघड्या डोळ्यावरचीच काच स्वच्छ आणि दुसरी काळी दिसली, तर तुमचा चष्मा साध्या रेषीय ध्रुवणाचा आहे.

जोन्सचं मोठं काम मात्र हे गुणाकार नव्हे, असं माझं मत आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात, हेन्री हुरविट्झबरोबर, त्याने दाखवलं की वेव्ह प्लेट आणि ध्रुवण-प्रतल फिरवणाऱ्या वस्तू कितीही रांगेत लावा, एका तरंगलांबीसाठी ती सगळी रांग फक्त एक प्लेट आणि एक फिरवणारी वस्तू यांच्याइतकीच असते. कारण मॅट्रिक्समध्येच दिसतं. या वस्तू प्रकाश शोषत नाहीत, त्यांचा गुणाकारही शोषत नाही, आणि अशा 2×2 मॅट्रिक्सला, एकूण कला सोडली तर, तीनच संख्या लागतात. प्लेटचा कोन, प्लेटचं कलांतर, फिरवण्याचा कोन: झाल्या तीन. पॅकिंग टेपचे दहा तुकडे वेडेवाकडे एकमेकांवर चिकटवून दोन पोलरॉइडमध्ये धरले, तरी सोडियमच्या दिव्यात ते या दोन वस्तूंपलीकडे काही करू शकत नाहीत. फ्रेनेलच्या पद्धतीने हे कधी दिसलं नसतं, कारण तिथे रांग ही एक वस्तू म्हणून हातात येतच नव्हती.

मर्यादा दोन आहेत. पहिली: जोन्सच्या स्तंभात पूर्ण ध्रुवित प्रकाशच मावतो. साध्या पांढऱ्या भिंतीवर ध्रुवित प्रकाश टाकला तर परतताना त्याचं ध्रुवण बरंच विसकटतं. म्हणून अशा थ्रीडी सिनेमाला चंदेरी पडदा लागतो. भिंतीची जोन्स मॅट्रिक्स लिहिता येत नाही. तिथे स्टोक्सच्या चार राशी आणि त्यांच्यावर चालणाऱ्या 4×4 मॅट्रिक्स घ्याव्या लागतात. त्या 1940 च्या दशकात एमआयटीत हान्स म्युलरने रूढ केल्या.

दुसरी मर्यादा ‘एका तरंगलांबीसाठी’ या शब्दांत आहे. 550 नॅनोमीटरला अचूक असलेली क्वार्टर वेव्ह प्लेट 450 ला 90 ऐवजी 110 अंशांचं कलांतर देते. आरशाच्या प्रयोगात उरणारा प्रकाश त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाइतका, म्हणजे निळ्यात सुमारे 12 टक्के आणि 650 च्या लाल प्रकाशात सुमारे 6 टक्के. म्हणून ‘काळी’ काच नीट पाहिली तर जांभळट दिसते. लॉरेंटच्या पोलरीमीटरमध्ये साखरेचं द्रावण तपासताना सोडियमचाच दिवा का, याचंही उत्तर हेच. त्यातली अर्धी चकती सोडियमच्या पिवळ्या प्रकाशालाच हाफ वेव्ह प्लेट असते.

या दुसऱ्या मर्यादेतून वाट काढली बंगळूरच्या शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी, 1955 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी. एकाच पदार्थाच्या तीन प्लेट ठरावीक कोनांत लावल्या, तर एकीची रंगानुसार होणारी चूक दुसऱ्या दोघी बऱ्याच अंशी खोडतात आणि दृश्य प्रकाशाच्या मोठ्या पट्ट्यात क्वार्टर वेव्ह प्लेट मिळते. त्यांनी कोन शोधले ते प्वांकारेच्या गोलावर, आणि ते पटतं. हुरविट्झ-जोन्सचा निष्कर्ष प्रत्येक तरंगलांबीला एक समतुल्य जोडी देतो, पण तरंगलांबी बदलताना ती जोडी कशी सरकते ते गोलावर एका नजरेत दिसतं. कोन मिळाल्यावर तीन मॅट्रिक्सचा गुणाकार 450, 550 आणि 650 ला करून पाहा. समतुल्य प्लेटचं कलांतर तिन्ही ठिकाणी 90 अंशांच्या जवळ राहतं, आणि 110 अंशांपर्यंत भरकटणाऱ्या एकट्या प्लेटशी त्याची तुलना वहीच्या एका पानावर होते.