राणी मेली की वाळवी संपते का?

"घोडबंदरला तळमजल्यावर राहतो, चौकटीला वाळवी लागलीय. सगळे म्हणतात राणी मारली की खेळ खलास, खरंय का?"

नाही हो. राणी काही ऑर्डरी सोडत नाही, ती अंडी घालते आणि तिच्या अंगातून फेरोमोन म्हणजे एक प्रकारचा वास सुटतो, तो येतोय तोवर दुसरी राणी तयार होत नाही (जपानमधल्या एका जातीत तो वास 2010 मध्ये ओळखलाय). ती मेली की वास बंद, मग बऱ्याच जातींत तिथल्याच पिल्लांमधून बदली राण्या बनतात, कधी कधी एकापेक्षा जास्त!

सैनिकांचंही तसंच, ते पुरेसे असले की त्यांच्यामुळेच नवे सैनिक कमी बनतात, कारण जबडे लढाईचे असल्याने त्यांना कामकऱ्यांनीच भरवावं लागतं. आणि चौकट खाणारे कामकरी पोटाखालच्या ग्रंथीतून वासाची रेघ ओढतात, बाकीचे तिच्यावरून येतात, त्याला राणी लागतच नाही.