वस्तू-स्थलांतर व रिक्तपूर्ती (छायाचित्र-संपादन)

छायाचित्रातील बोधचिन्ह, माणूस किंवा वस्तू मूळ जागेवरून उचलून त्याच छायाचित्रात दुसरीकडे ठेवणे आणि मागे उरलेली पोकळी आसपासच्या पार्श्वभूमीने भरून काढणे. ही दोन वेगळी कामे आहेत. उचललेली वस्तू आधीपासून पूर्ण असते. पोकळीमागे काय होते ते मात्र कॅमेऱ्याने टिपलेलेच नसते, ते घडवावे लागते. त्यामुळे कौशल्य लागते ते पोकळी भरताना.

ॲडोबी फोटोशॉपमध्ये Content-Aware Fill २०१० साली (CS5) आणि Content-Aware Move २०१२ साली (CS6) आले. पहिल्यामागे पॅचमॅच ही २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आहे. पोकळीच्या कडेशी जुळणारे लहान तुकडे ती चित्रात इतरत्र शोधते आणि एकमेकांत मिसळून भरते. वाळू, गवत, ढगाळ आभाळ अशा विस्कळीत पोतावर हे उत्तम जमते. ठरावीक अंतराने येणाऱ्या रेषांवर हमखास फसते, कारण तुकडा साधारण जुळला तरी रेषा दोन-तीन पिक्सेल वरखाली होते आणि डोळ्याला तेवढे पुरते.

ठाण्यातल्या बाजारपेठांत याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे दुकानाचे बंद शटर. समजा, गोखले रस्त्यावरच्या एका दुकानाचा ४००० पिक्सेल रुंद फोटो फ्लेक्ससाठी वापरायचा आहे. शटरवर डावीकडे रंगवलेले बोधचिन्ह ९०० × ५०० पिक्सेलचे आहे. तिथे मजकूर यायचा असल्याने ते उजवीकडे आणि थोडे वर न्यायचे आहे.

पहिले काम मोजमापाचे. शटरच्या एका पट्टीच्या वरच्या कडेपासून पुढच्या पट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर दहा पट्ट्यांवर मोजून दहाने भागावे. इथे ते ४६ पिक्सेल धरू. वरच्या भागात ४६ आणि खालच्या भागात ४८ भरले, तर फोटो तिरका घेतलेला आहे. तो आधी Perspective Crop ने सरळ करावा. हे टाळले तर पुढचे सगळे काम वाया जाते.

मग बोधचिन्ह घट्ट निवडून Ctrl+J ने वेगळ्या लेयरवर घ्यावे. आडवे कितीही सरकवता येते, कारण पट्ट्या आडव्याच आहेत. उभे मात्र पट्टीच्या पूर्ण पटीतच सरकवावे: तीन पट्ट्या वर म्हणजे बरोबर १३८ पिक्सेल. बोधचिन्हाच्या रंगावरही प्रत्येक पट्टीची सावली उमटलेली असते. १५० पिक्सेल सरकवले तर चिन्हातल्या सावल्या शेजारच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत आणि चिन्ह वरून चिकटवलेल्या स्टिकरसारखे दिसते.

पोकळीसाठी मूळ निवड चहूबाजूंनी सहा पिक्सेल वाढवावी. रंगाची कड कधीच एका पिक्सेलवर संपत नाही, शिवाय जेपीईजीच्या संकोचनामुळे कडेभोवती फिकट डाग पसरलेले असतात. निवड घट्ट ठेवली तर चिन्ह गेल्यावरही त्याची पुसट रूपरेषा उरते. या कामातली सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

भरण्यासाठी इथे स्वयंचलित साधनापेक्षा हाताने आणलेला तुकडा बरा. वाढवलेली निवड ५१२ पिक्सेल उंच झाली आहे. म्हणून बारा पट्ट्या, म्हणजे ५५२ पिक्सेल खालचा स्वच्छ भाग तितक्याच आकारात उचलून वर आणावा. पट्ट्या आपोआप जुळतात. उजेड जुळत नाही: शटरचा वरचा भाग छज्जाच्या सावलीत असतो, त्यामुळे खालून आणलेला तुकडा उजळ दिसतो. त्या तुकड्यापुरताच Curves लेयर लावून त्याच्या मास्कवर वरून खाली ग्रेडियंट द्यावा. उरलेली शिवण नव्या लेयरवर Healing Brush ने मिटवावी, तीही पट्टीच्या दिशेने, आडवी.

उचललेल्या भागात गंजाचा ठिपका किंवा ‘नो पार्किंग’मधले एखादे अक्षर आले आहे का, ते बघावे. तोच ठिपका दोनदा दिसला की काम उघडे पडते.

तपासणी दोन अंतरांवरून करावी. २५ टक्क्यांवर उजेडाचा ठिगळासारखा फरक कळतो, १०० टक्क्यांवर तुटलेल्या रेषा. सगळ्यांत वर तात्पुरता Curves लेयर ठेवून वक्र खूप तीव्र केला, तर न जुळलेला भाग चौकोनासारखा उठून दिसतो.

भरलेली जागा कल्पित असते, म्हणून तक्रारीला किंवा विमा दाव्याला जोडायच्या फोटोत हे करू नये.

किती काटेकोर राहायचे ते छपाईच्या आकारावर ठरते. ४००० पिक्सेलचा फोटो दहा फूट रुंद फ्लेक्सवर छापला, तर एका इंचात सुमारे ३३ पिक्सेल येतात. पट्टी तीन पिक्सेल चुकली तर फ्लेक्सवर ती सव्वादोन मिलिमीटरची पायरी होते. रस्त्यापलीकडून ती दिसत नाही, पण दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिसते.